पायताण परत का येतं?

ऑनलाइन बाजारात ‘कोल्हापुरी चप्पल’ असं शोधलं की मोबाइलच्या पडद्यावर चौकटींची रांग लागते. प्रत्येक चौकटीत एक फोटो, नावाची एक-दोन ओळी, चांदण्या आणि किंमत. त्यातल्या एकीवर बोट ठेवलं की जे पान उघडतं, त्याला लिस्टिंग म्हणतात. एका कॉलेजच्या उद्योजकता मंडळातल्या मुलांना ओळखीच्या कारागिरांकडून चपला घेऊन अशा बाजारात विकायच्या होत्या. लिस्टिंगचा कुठला भाग काय काम करतो, हे त्यांना समजावून सांगायला मला बोलावलं होतं. वेळ अर्ध्या तासाचा होता, त्यामुळे बरंच काही राहून गेलं. इथे ते जरा सविस्तर मांडतो आहे.

मुलांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता : विक्री वाढवायला लिस्टिंगमध्ये काय लिहायचं? मी आधी फळ्यावर एक हिशेब मांडला. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण प्रमाण खरं आहे. जोड 1,199 रुपयांना विकला. अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर सप्टेंबर 2025 पासून पाच टक्के जीएसटी आहे. तो या किमतीतून वजा केला की 1,142 उरतात. कारागिराचे 700, खोक्याचे आणि पॅकिंगचे 45, बाजाराचं कमिशन, इतर आकार आणि वाहतूक मिळून 257. हातात राहिले 140 रुपये. आता तोच जोड गिऱ्हाइकाने परत पाठवला तर जाण्या-येण्याची वाहतूक आणि फाटलेलं खोकं धरून साधारण 180 रुपये खिशातून जातात.

दहा जोड गेले आणि एक परत आला, तर नऊ जोडांचे 1,260 मिळाले, 180 गेले, शिल्लक 1,080. तीन परत आले तर शिल्लक 440. चार परत आले तर 120. पाच परत आले तर दोनशे रुपयांचा तोटा, आणि पडद्यावर मात्र ‘दहा ऑर्डर’ झळकत असतात. म्हणून माझं म्हणणं असं की पादत्राणांच्या लिस्टिंगने माल विकायचा तर असतोच, पण विकलेला माल घरी परत येऊ न देणं हे त्याहून मोठं काम आहे. पुढचा प्रत्येक भाग याच नजरेने पाहू.

सुरुवात गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या भागापासून करावी लागते. विक्रेत्याच्या खात्यात नवी वस्तू टाकताना आधी वर्ग निवडायचा असतो : पुरुषांची पादत्राणं, त्यात सँडल-चप्पल, त्यात आपला प्रकार. घाईत माणूस जो पहिला दिसेल तो वर्ग निवडून मोकळा होतो. पण पुढच्या अर्जात कोणते रकाने येणार, कमिशन किती लागणार आणि गिऱ्हाइकाने ‘लेदर’, ‘टॅन’, ‘8 नंबर’ अशा चाळण्या लावल्यावर तुमची चप्पल त्यातून खाली पडणार की वर राहणार, हे सगळं त्या वर्गावर ठरतं. वर्ग बरोबर आहे आणि ‘मटेरियल’चा रकाना रिकामा आहे, तर लेदरची चाळणी लावणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तुमची चप्पल त्या बाजारात नाहीच. वर्णनात दहा वेळा ‘अस्सल चामडं’ लिहिलं असलं तरी चाळणी बहुतेक वेळा रकानाच वाचते.

मग ओळखीचे आकडे येतात. बारकोडखालचा तेरा आकडी क्रमांक वस्तूची जगभर ओळख पटवतो. भारतातल्या जीएस1 संस्थेने दिलेले असे क्रमांक 890 ने सुरू होतात. लहान विक्रेत्याकडे बारकोड नसेल तर अॅमेझॉनसारख्या बाजाराकडे सूट मागता येते. वस्तू नोंदली गेली की अॅमेझॉन तिला स्वतःचा दहा अक्षरी क्रमांक देतो, त्याला ‘ASIN’ म्हणतात. तिसरा क्रमांक आपण स्वतः द्यायचा असतो, ‘SKU’. मुलं तिथे 1, 2, 3 असे आकडे टाकतात आणि महिन्याभरात कपाटासमोर उभं राहून कुठला जोड कुठला हे आठवत बसतात. त्यापेक्षा असा द्यावा :

```
KOL-KAP-TAN-08
```

कोल्हापुरी, कापशी, टॅन रंग, आठ नंबर. रात्री दहा वाजता पॅकिंग करणाऱ्या मुलालाही चुकता येणार नाही. चुकीचा नंबर गेल्यामुळे येणारे परतावे निव्वळ या एका रकान्याने कमी होतात.

याच टप्प्यावर कुटुंब जुळवायचं असतं. एकाच चपलेचे सहा नंबर आणि तीन रंग असतील तर अठरा वेगळ्या वस्तू होतात, पण त्या एका पानावर याव्यात म्हणून वरती एक नुसती नावापुरती ‘पालक’ नोंद करतात आणि तिच्याखाली अठरा ‘मुलं’ जोडतात. पालक विकला जात नाही, त्याला साठा नसतो. गिऱ्हाईक एकाच पानावर रंगाची टिकली आणि नंबराचं बटण दाबतं, ते या जोडणीमुळे. प्रत्येक नंबराचं वेगळं पान केलं तर अभिप्राय अठरा ठिकाणी विखुरतात आणि कुठल्याच पानाला वजन येत नाही. उलट दिशेची चूक म्हणजे कापशी, पुकारी, कानवाली असे वेगवेगळे घाट, वर बायकांच्या चपलासुद्धा एकाच कुटुंबात कोंबणं. चांगल्या अभिप्रायांची ऊब नव्या मालाला मिळावी म्हणून काही जण हे मुद्दाम करतात. बाजाराच्या नियमात ते बसत नाही. शिवाय त्यात धंद्याचंही नुकसान आहे : कापशीबद्दलची तारीफ वाचून कानवाली घेतलेलं गिऱ्हाईक ती परतच करणार.

आता शीर्षक. ते दोघं वाचतात, शोधयंत्र आणि माणूस. यंत्राला त्यात शब्द हवे असतात. माणसाला ही वस्तू माझ्यासाठी आहे का, एवढंच कळायला हवं असतं. मोबाइलवर शोधाच्या यादीत शीर्षकाची पहिली साठ-सत्तर अक्षरंच धड दिसतात, म्हणून महत्त्वाचं सगळं आधी यायला हवं. मुलांनी करून आणलेलं शीर्षक ‘बेस्ट क्वालिटी’ने सुरू होत होतं, त्यात ‘कोल्हापुरी’ चार वेळा होतं आणि शेवटी उद्गारचिन्हांची माळ होती. 2025 च्या जानेवारीपासून अॅमेझॉनने बहुतेक वर्गांत एकच शब्द शीर्षकात दोनदाच्या वर चालवून घेणं बंद केलं. उद्गारचिन्हासारखी चिन्हंही बाद केली. आम्ही ते असं केलं :

```
BRAND Men's Kolhapuri Chappal, Handmade Leather, Flat, Tan, 8 UK
```

आधी ब्रँड, मग कोणासाठी, मग वस्तू, मग कशाची, मग घाट, रंग, नंबर. ‘बेस्ट’, ‘प्रीमियम’, ‘सुपर’ गेले. ते कोणी शोधत नाही आणि वाचून कोणाचा विश्वासही बसत नाही.

या ओळीतल्या ‘कोल्हापुरी’ शब्दापाशी मात्र जरा थांबायला हवं. कोल्हापुरी चपलेला 2018-19 या वर्षात भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांपुरतं आहे. नोंद महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं लिडकर या दोन महामंडळांच्या नावावर आहे. 1999 च्या कायद्यानुसार हे नाव त्या मुलखातल्या, त्या पद्धतीच्या मालाचं आहे आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराला त्यात नाव नोंदवता येतं. आग्र्यात बनलेली रेक्झिनची चप्पल ‘कोल्हापुरी’ नावाने विकणारी शेकडो पानं रोज दिसतात, हे खरं. म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. मुलांना मी एवढंच सांगितलं : तुमचा माल खरोखर त्या मुलखातला असेल तर कारागिराकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि असेल तर तपशिलात तसं लिहा. खोटा माल विकणाऱ्याला ती ओळ लिहिता येत नाही.

शीर्षकात न मावणारे शब्द मागच्या दाराने द्यायची सोय असते. खात्यात ‘Search Terms’ असा एक रकाना असतो. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, यंत्र वाचतं. इथे लोक टंकताना जे शब्द वापरतात ते द्यायचे : kolapuri, chapal, kurta footwear, ethnic sandal. चुकीचं स्पेलिंग लिहायला लाजू नये, गिऱ्हाईक तेच टंकतं. शीर्षकातले शब्द परत देऊ नयेत, स्वल्पविराम नकोत, दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव तर अजिबात नको. या रकान्याची मर्यादा अक्षरांत नसून बाइटमध्ये, साधारण दोनशे ते अडीचशे असते, आणि इथे मराठी विक्रेत्याची फसगत होते. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात आणि त्यांतलं प्रत्येक तीन बाइट घेतं. ‘chappal’ला सात बाइट लागतात, ‘चप्पल’ला पंधरा, आणि ‘पायताण’ला अठरा. सगळे शब्द मराठीत भरले तर दहा-बारा शब्दांत रकाना संपतो. मर्यादा ओलांडली तर तो मजकूर यंत्र विचारातच घेत नाही, अशी शक्यता असते. आणि पडद्यावर सगळं ठाकठीक दिसत असतं. दोन-तीन मराठी शब्द, बाकी रोमन लिपीत, असा मेळ घालावा.

एवढं सगळं झालं की गिऱ्हाईक चौकटीपर्यंत पोचतं. बोट ठेवायचं की नाही, हे फोटो ठरवतो. पहिल्या फोटोचे नियम कडक आहेत : पार्श्वभूमी निव्वळ पांढरी, वस्तूने चौकटीचा सुमारे 85 टक्के भाग व्यापलेला, वर काही लिहिलेलं नको, लोगो नको, आणि मोठं करून पाहता यावं म्हणून लांब बाजू किमान हजार पिक्सेलची. पादत्राणांसाठी अॅमेझॉन एकच पाय, डावीकडे तोंड करून, तिरप्या कोनातून मागतं. मुलांना हे पटेना. विकतो जोड, दाखवायचा एकच? पण अंगठा, पट्टा, कान आणि तळाची जाडी या चारही गोष्टी एका फोटोत दिसण्यासाठी तोच कोन लागतो. जोड दुसऱ्या फोटोत दाखवावा.

खरी गंमत पुढच्या फोटोंत आहे. पहिला फोटो गिऱ्हाइकाला आत आणतो, पुढचे त्याच्या शंका फेडतात. म्हणून प्रत्येक फोटोने एका शंकेचं उत्तर द्यावं. वरून काढलेला जोड : वेणी आणि गोंडा कसा आहे. बाजूने : टाच किती उंच आहे, शेजारी फूटपट्टी ठेवून. खालून : तळ कातड्याचा आहे की रबराचा. पायात घातलेला : पट्टा पायाच्या कुठल्या भागावर येतो. शिलाईचा जवळून. आणि एक रंगाचा. वनस्पतीच्या सालीने, म्हणजे बाभळीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याचा रंग प्रत्येक खेपेला थोडा वेगळा उतरतो आणि तेलपाणी नि वापराने गडद होत जातो. नवा आणि काही महिने वापरलेला जोड शेजारी ठेवून काढलेला एक फोटो ‘रंग वेगळा आला’ ही तक्रार वाचवतो. फोटो सुंदर करण्यासाठी रंग चढवणारा मुलगा प्रत्येक गटात एक असतो. त्याला या कामापासून दूर ठेवावं.

आता नंबर. पादत्राणांच्या परताव्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच. इतर सगळ्या भागांना मिळून जेवढा वेळ दिला जातो, तेवढा एकट्या नंबराच्या तक्त्याला द्यावा.

आपण ‘यूके 8’ म्हणतो तो नंबर मुळात कलबुताच्या, म्हणजे बूट ज्या लाकडी साच्यावर चढवतात त्याच्या, लांबीवरून ठरतो. लांबी इंचात घ्या, तिला तीनने गुणा, पंचवीस वजा करा :

```
UK = 3 × L − 25
```

अकरा इंचांचं कलबूत असेल तर नंबर आठ. यातून एक गोष्ट निघते : दोन नंबरांमध्ये अंतर इंचाच्या एक तृतीयांश, म्हणजे साडेआठ मिलिमीटर असतं. युरोपचा नंबर मात्र दोन तृतीयांश सेंटिमीटरच्या, म्हणजे पावणेसात मिलिमीटरांच्या पायऱ्यांनी चढतो. दोन पायऱ्यांची उंची वेगळी असल्यामुळे एका नंबरातून दुसऱ्यात नेमकं जाता येत नाही. यूके 8 आणि युरोपचा 42 जवळपास जुळतात, 9 आणि 43 सुद्धा जुळतात. पण यूके 6 हा 39 आणि 40 च्या मध्ये पडतो, यूके 10 हा 44 आणि 45 च्या मध्ये. एका कंपनीचा तक्ता सहाला 39 म्हणतो, दुसरीचा 40, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर असतात. इंटरनेटवरून तक्ता उचलून आपल्या पानावर चिकटवला की नेमके हे मधले नंबर परत यायला लागतात.

वर आणखी एक भानगड आहे. पारंपरिक कोल्हापुरी कलबुतावर चढवून करत नाहीत. तळाचा आकार कापून त्यावर कान आणि पट्टा शिवतात. त्यामुळे कारागिराचा आठ आणि बुटाच्या कंपनीचा आठ एकच असतील असं नाही. शिवाय हाताने कापलेल्या मालात एकाच नंबराचे दोन जोडही थोडे कमी-जास्त निघतात.

मुलांनी यावर काय करावं, हे आम्ही टेबलावर दहा जोड मांडून करूनच पाहिलं. आतल्या बाजूने, अंगठ्याच्या टोकापासून टाचेच्या टोकापर्यंत, मधल्या रेषेवर कापडी टेप ठेवायची आणि मिलिमीटरमध्ये लांबी लिहायची. एकाच नंबराच्या जोडांत चार मिलिमीटरच्या वर, म्हणजे अर्ध्या नंबराएवढा, फरक निघाला तर तो ढीग एकच नंबर म्हणून विकायचा नाही. आधी निवडून वेगळा करायचा, किंवा कारागिराशी बोलून फर्मे तपासायचे. फरक त्याच्या आत असेल तर सगळ्यांत आखूड जोड धरून त्यात किती लांबीचा पाय बसेल ते ठरवायचं. चपलेत टाच तळाच्या बाहेर जाऊ नये आणि पुढेही बोट लोंबू नये, यासाठी पायाहून तळ थोडा मोठा लागतो. ते तुमच्या गटातल्या खऱ्या पायांवर घालून बघा.

मग तक्त्यात यूके नंबराशेजारी पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या, आणि पाय कसा मोजायचा ते एका चित्रात दाखवा : भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, बसायचं नाही, कारण उभं राहिल्यावर पाय पसरतो. सर्वांत लांब बोटापर्यंत रेघ मारायची, आणि दोन्ही पाय मोजून मोठा धरायचा. संध्याकाळी मोजलेलं बरं, दिवसभरात पाय थोडे फुगतात. हा तक्ता वर्णनाच्या तळाशी न ठेवता दुसरा किंवा तिसरा फोटो म्हणून लावा. खाली जाऊन वाचणारं गिऱ्हाईक विरळा, फोटो मात्र सगळे सरकवतात.

रुंदीचा प्रश्न राहतोच. कोल्हापुरीत पाय पुढून अंगठ्यात अडकतो आणि वरून पट्ट्याने धरला जातो. लांबी बरोबर असूनही रुंद पायाला पट्टा रुततो. इथे ठळक मुद्द्यांची जागा उपयोगी पडते. किमतीखाली चार-पाच छोट्या ओळींची सोय असते. अॅमेझॉनवर ती ‘About this item’ नावाने दिसते, फ्लिपकार्टवर ‘Highlights’. बहुतेक पानांवर या ओळी कौतुकात खर्ची पडलेल्या असतात. मुलांच्या मसुद्यात पहिलीच ओळ ‘परंपरेचा वारसा, आरामाची हमी’ अशी होती. कडक कातड्याच्या चपलेच्या बाबतीत ‘आरामाची हमी’ म्हणजे परताव्याला दिलेलं आमंत्रणच. आम्ही ती काढून असं लिहिलं : वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं कातडं असल्याने पहिले काही दिवस पट्टा कडक लागेल, वापराने सैल होतो, रुंद पाय असल्यास एक नंबर मोठा घ्या. पुढची ओळ : पाण्यात भिजवू नये, पावसाळ्यात वापरायची नाही, भिजल्यास सावलीत वाळवावी. तिसरी : नव्या कातड्याला वास असतो, चालताना करकर आवाज येतो.

एक मुलगी म्हणाली, “सर, हे वाचून कोण घेईल?” खरं आहे, काही जण घेणार नाहीत. पण ज्याला वास आणि कडकपणा नको आहे, तो घेऊन परतच करणार होता. वर दिलेल्या हिशेबात असं एक गिऱ्हाईक गेल्याने 140 रुपयांची आशा जाते, आणि आल्याने 180 रुपये रोख जातात, शिवाय एक चांदणीचा अभिप्राय पानावर कायमचा राहतो. ज्याला कोल्हापुरी माहीत आहे त्याला या ओळी वाचून उलट खात्री पटते की विकणाऱ्याने पायताण घातलेलं आहे.

या ओळी खरेपणाने लिहिण्याला कायद्याचंही कारण आहे. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पानावरची प्रत्येक ओळ तुम्हाला बांधून ठेवते. त्याच नियमांत विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायलाही बंदी आहे. सुरुवातीला मित्रांकडून पाच-दहा चांदण्या मिळवायचा बेत मुलांनी आखला होता, तो तिथेच सोडून दिला.

सविस्तर वर्णनाबद्दल फार बोलत नाही, कारण ते थोडेच वाचतात. कारागिरीची माहिती, निगा कशी राखायची, खोक्यात काय येईल, एवढं साध्या भाषेत पुरे.

किमतीच्या रकान्यात दोन आकडे असतात, एमआरपी आणि विक्रीची किंमत. 2,999 वर काट मारून 1,199 दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. पण एमआरपी म्हणजे खोक्यावर छापलेली किंमत, पानावर वेगळी आणि खोक्यावर वेगळी चालत नाही. वजनमापाच्या नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, मूळ देश, नग किती, एमआरपी, ग्राहक तक्रारीचा पत्ता अशी खोक्यावरची माहिती पानावरही द्यावी लागते. उत्पादनाचा महिना-वर्ष तेवढा पानावर नसला तरी चालतो. हे रकाने कंटाळवाणे आहेत आणि नेमके म्हणूनच घाईत चुकतात. भाड्याची खोली बदलली तरी पानावरचा पत्ता जुनाच राहतो.

खोक्याच्या मापाचा रकाना याहून महत्त्वाचा. वाहतूक खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल त्यावर आकारली जाते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला बहुधा 5000 ने भागतात. मुलांनी बुटाची जुनी खोकी वापरायचं ठरवलं होतं, 32, 22 आणि 12 सेंटिमीटरची. आकारमानाचं वजन निघालं जवळजवळ 1.7 किलो. चपलेचा जोड तोंडाला तोंड लावून 30, 18 आणि 9 सेंटिमीटरच्या खोक्यात बसतो, तेव्हा ते एक किलोच्या आत येतं. बरेच दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे रिकाम्या हवेचे पैसे प्रत्येक जोडामागे, येताना आणि जाताना, भरावे लागतात.

साठा आणि पाठवायला लागणारे दिवस हे रकानेही कारागिराला विचारून भरावेत. पावसाळ्यात कातडं वाळायला वेळ लागतो. जूनमध्ये ‘दोन दिवसांत पाठवू’ असं लिहून ठेवलं आणि माल नसला, तर ऑर्डर रद्द कराव्या लागतात आणि खात्याची पत घसरते. हातात असतील तेवढेच जोड दाखवावेत.

पान चालू झाल्यावर कुठला भाग कमी पडतो आहे, हे आकड्यांवरून ओळखता येतं. पानावर येणारेच कमी असतील तर दोष शीर्षकात, वर्गात, शोधशब्दांत किंवा पहिल्या फोटोत आहे. किंमत बाजाराच्या फार वर असली तरी असंच होतं. लोक येतात पण घेत नाहीत, तर पुढचे फोटो, ठळक मुद्दे आणि अभिप्राय तपासावेत. ऑर्डर येतात आणि चपला परत येतात, तर नंबराचा तक्ता आणि रंग. अॅमेझॉनच्या खात्यात ‘Sessions’ म्हणजे किती वेळा लोक पानावर आले, आणि ‘Unit Session Percentage’ म्हणजे त्या भेटींच्या मानाने किती नग विकले गेले. परताव्याच्या अहवालात गिऱ्हाइकाने निवडलेलं कारण असतं, बऱ्याचदा दोन ओळी स्वतःच्या शब्दांतही असतात. एका वेळी एकच भाग बदला आणि निदान दोन आठवडे थांबा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

मुलांना अठरा जोडण्यांचं कुटुंब एकदम टाकायचं होतं. मी त्यांना एक रंग आणि तीन नंबर घेऊन सुरुवात करायला सांगितलं. पहिल्या तीस ऑर्डरींमधला प्रत्येक परतावा उघडून त्याचं कारण वहीत लिहा. ‘छोटी आली’ असं कारण एकाच नंबरासाठी तीनदा आलं, तर गिऱ्हाइकांना दोष देऊ नका. टेप काढा आणि त्या नंबराचे उरलेले जोड पुन्हा मोजा.